पोटात नसलेली रेघ

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं सोनोग्राफीचं सेंटर आहे. दोन खोल्या, बाहेर बाकं, आत मशीन. सहा वर्षं मी एकाच मशीनवर काम करत होते. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत त्या पडद्याकडे मी जितकं पाहिलं, तितकं घरच्या माणसांच्या तोंडाकडेही पाहिलं नसेल. त्यामुळे त्या दिवशी जे दिसलं, ते पडद्याचं असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आष्टीकडची एक बाई आली होती, पाचवा महिना. सोबत सासू. बाळाचे अवयव नीट होताहेत का ते पाहायचं होतं. सासूला समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर दिसावं म्हणून मी तिची खुर्ची तिकडे वळवली. मशीनवर जे येतं तेच त्या टीव्हीवर येतं. नातेवाईकांना बाळाचे हात, पाय, पाठीचा कणा दाखवायला तो बरा पडतो.

काळीज, पोट, मूत्रपिंडं, सगळं व्यवस्थित होतं. मग डोकं घेतलं. मोजमाप करायला चित्र थांबवलं आणि माझा हात तिथेच राहिला. मेंदूच्या एका बाजूला उभी, काळपट, सरळ रेघ. सोनोग्राफीत काळं म्हणजे बहुतेक वेळा पाणी. मेंदूत जिथे पाणी असायला नको, तिथे पाणी. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रेघ होतीच.

सासू म्हणाली, "डॉक्टरबाई, तुम्ही बोलून का न्हाई राह्यल्या?"

पेशंटसमोर अर्धवट काही बोलायचं नाही हा माझा नेम आहे. पण तोंडातून निघून गेलं. "डोक्यात एक काळी रेघ दिसतेय. बघू द्या जरा."

टेबलावर झोपलेल्या सुनेने डोळे गच्च मिटून घेतले. सासू मात्र उठून टीव्हीपाशी गेली. पदराने काच पुसली, अगदी जवळून पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "कुठली रेघ? हितं तर न्हाई."

मी मान वर केली. भिंतीवर तेच थांबलेलं चित्र होतं. तेच डोकं, तीच मापाची खूण. आणि रेघ नव्हती. मी पुन्हा मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. रेघ होती.

मग मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. चित्र पुन्हा चालू केलं आणि हात सरकवला. बाळाचं डोकं पडद्यावर डावीकडे गेलं, उजवीकडे आलं. रेघ तसूभर हलली नाही. डोकं पूर्ण बाहेर गेलं, तिथे पोट आलं, तरी रेघ आपल्या जागी. तेच चित्र छापून काढलं. कागदावर डोकं स्वच्छ होतं. छपाई मशीनच्या आतून येते, काचेवरून नाही.

"बाळाला काही नाही," मी म्हणाले. "रेघ माझ्या पडद्यात आहे."

सुनेने डोळे उघडले. सासू म्हणाली, "मंग पडदा दाखवा कुनाला तरी," आणि खुर्चीत बसली. ओरडली नाही, टोमणा मारला नाही. मी तिची माफी मागितली तेव्हा हातानेच 'राहू द्या' केलं. उरलेली तपासणी मी भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहून पुरी केली.

त्या गेल्यावर मी मशीनच्या इंजिनिअरला फोन लावला. तो छत्रपती संभाजीनगरहून येतो. दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. माझी नजर हल्ली थकते म्हणून त्याने चित्र मोठं करून दिलं होतं. कडेच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि चित्र सगळ्या पडद्यावर पसरवलं होतं.

"मॅडम, पडदा ओलेडचा आहे ना," तो म्हणाला. "एखादं चित्र फार वेळ थांबवून ठेवलं होतं का?"

ठेवलं होतं. दुपारी जेवायला गेले तेव्हा एका पेशंटची किडनी पडद्यावर तशीच थांबवलेली राहिली होती. पडदा आपोआप काळा होण्याची सोयसुद्धा मीच बंद करून घेतलेली, कारण सुई टाकून पाणी काढताना तो मध्येच विझायचा.

"मग सावली असेल. अशी सावली काही तासांत आपोआप जाते. पण दुसरंही काही असू शकतं, ते फोनवर सांगता येत नाही. मी येतो. तोवर पेशंट घेऊ नका."

बाहेरच्या बाकांवरच्यांना मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दोन अडीच तासांनी तो आला. त्याने लॅपटॉप केबलने थेट पडद्याला जोडला, खिडकीचा पडदा ओढला, दिवा घालवला आणि पूर्ण पडदाभर एक साधा राखाडी रंग लावला. ना पांढरा, ना काळा. मधला.

आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

त्या राखाडीतून माझी सहा वर्षं वर आली. मधोमध पंख्याच्या आकाराचा एक मोठा, किंचित मंद भाग, वर अरुंद, खाली रुंद. माझ्या तपासणीचं चित्र ज्या आकारात येतं तोच. वरच्या बाजूला माझ्या सेंटरच्या नावाची पाटी, पिवळसर, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. उजवीकडे एक उभी पट्टी, वर गडद आणि खाली जाता जाता विरलेली. मी ती लगेच ओळखली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा दाखवणारा तो मशीनचा पट्टा. जिथे तो पांढरा असायचा तिथे पडदा सर्वांत गडद झाला होता. आणि या सगळ्यावर, अगदी फिकट, घेवड्याच्या दाण्यासारखी दुपारची किडनी.

"हे सगळं इथे होतं?" मी विचारलं.

"इथेच होतं. रोजच्या चित्रात दिसत नाही, कारण पट्टा पट्ट्यावरच बसतो. मी परवा चित्र मोठं केलं आणि तुमचं चित्र या जुन्या पट्ट्याच्या जागेवर आलं. म्हणून रेघ दिसली."

मग त्याने समजावलं. भिंतीवरच्या टीव्हीत मागे दिवे असतात, इथे नसतात. इथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. जो जास्त वेळ, जास्त लखलखीत जळतो तो जास्त झिजतो आणि मंद पडतो. निळा सर्वांत लवकर झिजतो, म्हणून झिजलेली जागा पिवळसर दिसते.

"म्हणजे इथे काही चिकटलेलं नाही?"

"काहीच नाही. उलट इथलं काहीतरी कमी झालंय. आपल्याला कमी झालेलं दिसतंय."

मी तो पंखा पाहत राहिले. जालना, परतूर, भोकरदन, कुठल्या कुठल्या गावांतली बाळं त्या आकारात हललेली मी पाहिली होती. अंगठा चोखणारी, पाठ फिरवून बसणारी, नेमकं मोजायला गेलं की सरकणारी. त्यांतलं एकही तिथे वेगळं दिसत नव्हतं. ती सगळी हलत होती, म्हणून त्यांची झीज सगळीकडे सारखी पसरली होती. ठसा उमटला होता तो फक्त न हलणाऱ्या गोष्टींचा, माझ्या सेंटरच्या पाटीचा. मला थोडी लाज वाटली आणि खूप नवल वाटलं.

"आता यातली सावली कुठली आणि झीज कुठली, ते बघू," इंजिनिअर म्हणाला. त्याने आधी राखाडी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. नंतर पडद्यावर सतत हलणारी रंगीत चित्रं सोडली आणि आम्ही बाहेर बाकावर चहा घेत बसलो. सावली का पडते ते त्याने तिथे सांगितलं. फार वेळ एकच चित्र राहिलं की ठिपक्यांना वीज पुरवणारे बारीक भाग जरा सुस्तावतात. काम बदललं, आराम मिळाला, की पूर्वपदावर येतात. झिजलेला ठिपका मात्र येत नाही.

"सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात," तो म्हणाला. "फोटो बघून कुणी सांगू शकत नाही. थांबावं लागतं."

अर्ध्या तासाने पुन्हा राखाडी लावला. किडनी जवळजवळ विरली होती. कुठे होती हे माहीत होतं म्हणूनच तिची एक कड सापडली. पंखा, पाटी आणि पट्टा जसेच्या तसे. त्याने पडदा बंद केला. तासाभराने परत लावला तेव्हा किडनीचा मागमूस नव्हता. फोटोशी ताडून पाहिलं. पट्टा तितकाच गडद, तसाच पिवळसर.

"ही सावली होती, ती गेली. बाकीची झीज, ती जाणार नाही. काही पडद्यांत समतोल साधायची सोय असते, त्याने थोडं झाकलं जातं. गेलेला उजेड परत येत नाही. पडदा बदलावा लागेल."

त्याने चित्र पहिल्यासारखं लहान केलं. पट्टा पट्ट्यावर बसला, पाटी पाटीवर, आणि सगळं पुन्हा निर्दोष दिसायला लागलं. ते पाहून मला बरं वाटण्याऐवजी धडकी भरली, कारण तेव्हाच आठवलं की मोठ्या चित्रावर मी दोन दिवस काम केलं होतं.

त्या दोन दिवसांतल्या सगळ्या तपासण्यांची साठवलेली चित्रं मी लॅपटॉपवर उघडली आणि रिपोर्टांशी एकेक ताडून पाहिली. एक सोडून सगळे रिपोर्ट बरोबर होते. राजूरला देवळाजवळ नारळ आणि फुलं विकणाऱ्या एका काकांच्या यकृतात मी पित्ताची नळी फुगल्याची शंका लिहिली होती. साठवलेल्या चित्रात तसं काही नव्हतं. मी लगेच फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मी रुग्णाच्या खुर्चीत बसवून त्यांना आधी सगळं सांगितलं. पडद्याची झीज, माझी चूक, सगळं. मग भिंतीवरच्या टीव्हीवर पुन्हा तपासलं. यकृत स्वच्छ होतं. मी जुना रिपोर्ट फाडला, नवा लिहिला.

त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "मला दाखवता का ते झिजलेलं?"

इंजिनिअरने राखाडी रंगाचं चित्र मशीनमध्ये ठेवून दिलं होतं. मी ते लावलं. काका पडद्यापाशी वाकले. मग बोटाने, काचेला न लावता, पंख्याची कड हवेतच गिरवली.

"उजेडाचीबी झीज होती म्हना," ते म्हणाले. "आजवर दगडाच्या पायऱ्या झिजलेल्या बघितल्या. हे बिलकुल ठाऊक नव्हतं."

दोन आठवड्यांनी नवा पडदा आला. बसवायच्या आधी इंजिनिअरने त्याच्यावरही राखाडी लावून पाहिला. कडेपासून कडेपर्यंत सारखा, नजर कुठे थांबायलाच नको. शेजारी टेबलावर जुना पडदा काढून ठेवला होता, वीज नसलेला. मी वाकून पाहिलं, तिरपं पाहिलं, खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. काळी, गुळगुळीत काच. तिच्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.