जाड काच

येरमाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात मी विज्ञान शिकवायचो, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या हेडमास्तरांना विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं. सरकारकडून प्रयोगाच्या सामानाची पेटी आली. तिच्यातली पातळ काचेची चंचुपात्रं 'नाजूक' म्हणून त्यांनी कपाटात कोंडली आणि वापरायला बोटभर जाड बुडाची काचेची पात्रं बाहेर ठेवली. "जाड ते मजबूत," हे त्यांचं सगळं पदार्थविज्ञान.

माघातल्या एका सकाळी तपासणीला साहेब आले. प्रयोगशाळेत बोटं आखडत होती. हेडमास्तरांना प्रयोग स्वतःच करून दाखवायचा होता. स्टोव्हवरचं पाणी खळखळत होतं, जाड पात्र बर्फासारखं गार. प्रयोगशाळेचे शिपाई, वयस्कर मुसलमान गृहस्थ, हळूच म्हणाले, "हेडमास्तरसाहेब, आधी कोमट पान्यानं हिसळून घेऊ का?"

"तुम्ही मला शिकवू नका!"

मला पुढचं दिसत होतं. मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला ते बघायचंच होतं.

पाणी ओतलं. टण्ण! बूड जागेवर राहिलं, वरचा भाग हातात आला आणि पाणी साहेबांच्या बुटांवर. हेडमास्तर तत्काळ शिपायांवर घसरले. "तडा गेलेलं भांडं ठेवलंत! आजच मेमो देतो."

तेव्हा कुठं मला तोंड फुटलं. "सर, भांडं धड होतं. काचेतून उष्णता सावकाश जाते. आतली बाजू तापून फुगायला बघते, बाहेरची गारच असते. मग बाहेरच्या पृष्ठभागावर ताण येतो. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. बाहेर एखादा बारीक ओरखडा असला की तिथूनच चिरते. जाड काचेत हा फरक जास्त, म्हणून ती आधी फुटते."

"काच म्हणजे काय दोरी आहे, ताणायला?" हेडमास्तर हसले. हसणारे ते एकटेच.

साहेबांनी कपाट उघडायला लावलं. त्याच स्टोव्हवरचं उकळतं पाणी मी पातळ चंचुपात्रात ओतलं. वाफ निघाली, बाकी काही नाही.

"मेमो राहू द्या," साहेब बूट पुसत म्हणाले.

"विलायती असेल ते," हेडमास्तर पुटपुटले. माणसाची अक्कलही जाड असली की तिला तडासुद्धा जात नाही.

साहेब गेल्यावर मी आणि शिपाई काचा वेचायला बसलो. मला वाटलं, ते आभार मानतील. त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "सर, फुटनार हे तुमाला ठाव होतं, न्हाय का?"

"व्हय."

"मंग मी बोललो तवाच माझ्यासंगं का बोलला न्हाय?"

मी खाली बघून काचा वेचत राहिलो.