सातशेवीस फुटांतले सहाशे

आमच्या शेजारच्या शिवणवाल्या वहिनींना सगळी इमारत कात्रीवहिनी म्हणते. कापडावर आणि बोलण्यात, दोन्हीकडे त्यांची कात्री सारखीच चालते. तेवीस वर्षं त्यांनी जमिनीवर वाकून कापड बेतलं. आता गुडघे कुरकुरतात. भाड्याची जागा सोडून स्वतःचा फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांची अट एकच होती: सहा बाय तीनचं कापायचं टेबल मावलं पाहिजे, आणि त्याच्याभोवती उभ्याने फिरता आलं पाहिजे.

दोन फ्लॅट नजरेत भरले. कोपऱ्यावरचा सातशेवीस फुटांचा, भाव फुटाला साडेपाच हजार. बागेसमोरचा साडेसहाशे फुटांचा, भाव सहा हजार तीनशे.

"यात विचार कसला करायचा?" भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले. "कोपऱ्यावरचा सत्तर फुटांनी मोठा, वर सव्वा लाखाच्याही पुढे स्वस्त. आजच टोकन देऊन टाकू."

वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही कॉलेज केलेल्या, चला सोबत. बारीक अक्षर तुम्ही वाचा."

कोपऱ्यावरच्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एजंट पावतीपुस्तक उघडून बसला होता. बारा वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार असल्याचं त्याने दोनदा सांगितलं. भाऊजींनी खिशातून चेक काढला. मी दोन्ही दरपत्रकं शेजारी ठेवून वाचत होते, आणि एका शब्दावर अडले. बागेसमोरच्या कागदावर होतं 'कार्पेट'. या कागदावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'बिल्टअप'.

"भाऊजी, थांबा," मी म्हटलं. "ही दोन मापं एक नाहीत. कार्पेट म्हणजे घरातली वापरायची जमीन. बिल्टअपमध्ये बाहेरच्या भिंतींची जाडी आणि बाल्कनीसुद्धा धरलीय."

वहिनींच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे बागेसमोरचा अंगाचं माप सांगतोय आणि हे ताग्याचं."

"अहो, सगळे असंच सांगतात," एजंट म्हणाला.

"सांगू देत की. मी मोजते."

वहिनींनी पिशवीतून शिवणाची टेप काढली. ती पाचच फुटांची. दर पाच फुटांवर खडूची रेघ मारून पुढे सरकायचं. दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बोळ असं सगळं फिरल्या. मी आकडे लिहीत होते. भाऊजी आधी घड्याळ बघत होते. मग टेपचं दुसरं टोक धरायला बसले.

बेरीज आली पाचशेऐंशी.

"फसवणूक," भाऊजी उठले.

"तसं नाही," एजंटही उठला. "खोल्यांमधल्या भिंती तुम्ही सोडल्यात. त्या कार्पेटमध्ये धरायच्या असतात."

मी मान डोलावली. तो खरं बोलत होता. वहिनींनी लगेच आतल्या भिंतींवर टेप लावली: साठ फूट लांबी, चार इंच जाडी. "वीस फूट. तुमचं तुम्हाला दिलं. सहाशे झाले. याच्यावर एक इंच नाही."

सातशेवीस गुणिले साडेपाच हजार, एकोणचाळीस लाख साठ हजार. त्याला मी सहाशेने भागलं आणि कागद वहिनींपुढे धरला. फुटाला सहा हजार सहाशे.

"आणि बागेसमोरचा सहा हजार तीनशे," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे स्वस्त तो आहे. आणि मोठाही तोच."

"पन्नास फुटांनी," मी म्हटलं.

"पण एकूण पैसे एक लाख पस्तीस हजार जास्त लागतील," भाऊजी पुटपुटले.

"त्यात पन्नास फूट जमीन येते. फुटाला सत्तावीसशे पडले. या भावात कुठे मिळेल दाखवा, मी टेबल तिथे टाकते."

भाऊजींनी चेक परत खिशात घातला. एजंट म्हणाला, "वहिनी, बाल्कनी तर बघा."

"बाल्कनीत कापड उडतं, दादा."

आम्ही तिथून जवळजवळ पळतच बागेसमोर गेलो. नुसत्या कागदावर विश्वास कशाला? पुन्हा टेप, पुन्हा खडू, या वेळी आतल्या भिंतींसकट. मी बेरीज दोनदा केली. साडेसहाशे, बरोबर. मी आणि वहिनी एकमेकींचे हात धरून शाळकरी पोरींसारख्या हसलो.

मग वहिनी मागच्या खोलीत गेल्या. खिडकीजवळ त्यांनी खडूने सहा बाय तीनचा चौकोन आखला आणि त्याच्या चारी बाजूंनी, पदर खोचून, एक फेरी मारली. कुठेही भिंतीला कोपर लागलं नाही.

"अहो," त्यांनी भाऊजींना हाक मारली, "इथे उभे राहा. कापड धरा."

कापड नव्हतंच. तरी भाऊजी त्या चौकोनाच्या पलीकडे जाऊन, दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.