सासऱ्यांचं पार्सल आणि माहेरी गेलेल्या कुंड्या

आमच्या समोरच्या घरात टेंपोवाल्यांचं कुटुंब राहायचं. दादा कागलच्या एमआयडीसीत माल पोचवायचे, आणि वहिनी घर, दोन म्हशी आणि सबंध गल्ली सांभाळायच्या. वहिनींचा आवाज असा, की त्या स्वयंपाकघरात बोलल्या तर आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना ऐकू जावं. मी शाळेत शिकवायची म्हणून त्या मला ‘बाई’ म्हणायच्या. मी त्यांना वहिनी.

त्या वर्षी मे महिन्यात ह्यांच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न नागपूरला होतं. तिकिटं कधीच काढून ठेवलेली. मी, हे आणि सासरे असे तिघं जाणार होतो. आणि नेमकं निघायच्या तोंडावर सासऱ्यांची कवळी तडकली. ती पुण्याच्या दाताच्या डॉक्टरांनी बनवलेली, त्यामुळे दुरुस्तीही तिथंच. पुण्यातल्या मोठ्या दिरांनी ती नेली आणि फोनवर सांगितलं, “आठवडा लागेल म्हणतायत. झाली की कुरिअर करतो.”

म्हणजे आम्ही नागपुरात असताना कवळी कोल्हापुरात येणार. नागपूरला पाठवा म्हणावं, तर लग्नघरच्या गर्दीत ती कोण घेणार आणि कुठं ठेवणार? शिवाय सासऱ्यांची सक्त ताकीद होती. “पार्सलात काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. गल्लीत शोभा नको.” सासरे निवृत्त तलाठी. उभ्या आयुष्यात कुणाची शोभा झाली तर ती त्यांनी केलेली.

निघायच्या आदल्या दिवशी मी वहिनींकडं गेले.

“वहिनी, एक काम होतं. आम्ही उद्या नऊ तारखेला सकाळी निघतोय. एकोणीसला संध्याकाळी परत. तेवढे दिवस झाडांना पाणी घालाल का? आणि एक पार्सल येणार आहे, तेवढं घेऊन ठेवायचं.”

“पार्सल? कुठल्या हॉटेलातनं?”

“हॉटेलातलं नाही हो. कुरिअरचं. पुण्याहून येईल. पत्त्याखाली आम्ही लिहायला सांगितलंय, घर बंद असेल तर समोरच्या घरी द्यावं. तो माणूस कागदावर सही मागेल, ती करायची आणि डबा घ्यायचा. पैसे काही द्यायचे नाहीत.”

“काय हाय त्यात?”

मला सासरे दिसायला लागले. मी म्हटलं, “नाजूक वस्तू आहे. घरातली फार मोलाची. जपून ठेवा, उघडू नका, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.”

वहिनींचे डोळे बारीक झाले. त्यांनी मान डोलावली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नऊला आणि एकोणीसला कोळशानं गोल केला आणि म्हणाल्या, “बिनघोर जावा. रोज पाणी घालतो. एक पान वाळू देत न्हाय. आन् डबा तर मी जिवागत जपतो.”

मी गॅलरीच्या बाहेरच्या जिन्याची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणून गेले, “थँक्यू हं वहिनी.”

झालं! त्यांनी किल्ली परत माझ्या हातात ठेवली. “थँक्यू? मी काय दुकानदार हाय व्हय? थँक्यू म्हणायचं असंल तर पलीकडच्या गल्लीत माणूस बघा की.” समजूत घालून किल्ली परत त्यांच्या कनवटीला जाईपर्यंत माझा चहा झाला, नंतर पोहे झाले, आणि बॅगा भरायच्या तशाच राहिल्या.

नागपूरचे दिवस सासऱ्यांना फार जड गेले. लग्नघरात रोज झणझणीत सावजी मटण, आणि सासरे कोपऱ्यात बसून वरण-भात कालवतायत. फोटोवाला म्हणायचा, “आजोबा, जरा हसा.” आजोबा ओठ मिटून त्याच्याकडं असं बघायचे, जणू बिचाऱ्यानं सातबारा मागितला असावा. एके दिवशी दिरांचा फोन आला, “पार्सल पोचलं. समोरच्या घरी सही झालीय.” त्या दिवसापासून सासरे परतीचा जप करायला लागले. गाडीत बसल्यावर त्यांनी ह्यांना तीनदा सांगितलं, की उतरल्या उतरल्या मटण आणायचं, अर्धा किलो, नळीसकट.

एकोणीसला दिवस कलताना रिक्षा दारात थांबली. मी वर बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. गॅलरी रिकामी होती. मोगरा नाही, गुलाब नाहीत, कढीपत्ता नाही, कोरफडसुद्धा नाही. जिथं कुंड्या होत्या तिथं नुसते गोल डाग राहिलेले. ते डागही नसते, तर इथं कधी झाडं होती हेही पटलं नसतं. मी वहिनींच्या दाराकडं धावले, तर त्यालाही कुलूप!

“चोरी झाली,” मी म्हटलं.

“झाडं कोण चोरतंय?” हे म्हणाले.

सासरे मात्र मटकन पायरीवर बसले. “आणि पार्सल?”

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं ते ऐकलं असावं. तो गल्ल्यावरनं उठून बाहेर आला. “बाई, घाबरू नका. वहिनी माहेरी गेल्यात. गावची जत्रा हाय, त्यांच्या ध्यानातच न्हवती. परवा सकाळी माहेरचा निरोप आला आन् दुपारी निघाल्या.”

“अहो पण माझ्या कुंड्या?”

“त्याबी गेल्या की. टेंपोतनं.” तो असं म्हणाला, जसं काही कुंड्यांनाही निमंत्रण होतं. “दादा म्हणत हुते, दोन दिसांनी काय हुतंय, म्हशींचं बघणाऱ्या शेजारच्या पोरीला सांग. वहिनी म्हणाल्या, शब्द मी दिलाय, पोरीनं न्हाय. एकोणीसपर्यंत रोज पाणी म्हटलं म्हंजे रोज पाणी. जत्रा संपंस्तवर थांबायला लागणार, मग झाडं वाळली तर बाईला काय तोंड दाखवू? लई हुज्जत झाली. शेवटी चढवल्या कुंड्या.”

“आणि पुण्याचा डबा?” सासऱ्यांनी विचारलं.

“तो त्यांच्या मांडीवर हुता. कुणाच्या हातात द्यायचा न्हाय म्हणं.”

वहिनींचं माहेर नेसरीच्या पुढं. सासरे त्या रात्री दूध-भात खाऊन झोपले आणि सकाळी आम्ही उठायच्या आत धोतर नेसून दारात तयार. “पहिल्या गाडीनं,” एवढंच ते म्हणाले. मी नागपूरहून वहिनींसाठी आणलेली संत्रा बर्फी घेतली आणि आम्ही निघालो. गडहिंग्लजला गाडी बदलली, नेसरीला उतरलो आणि पुढं एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला ‘पावणं’ म्हणून बसवून घेतलं. लांबूनच मटणाचा वास आला. सासऱ्यांनी डोळे मिटले.

वहिनींच्या माहेरच्या अंगणात मांडव घातलेला, आणि मांडवाच्या कडेनं सावलीत माझ्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या! हिरव्यागार, धुतलेल्या. गुलाबाला कळ्या आलेल्या. बाया येता-जाता तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्यात ओतत होत्या. आमच्या गॅलरीत त्यांचे एवढे लाड कधी झाले नव्हते. फक्त कोरफड पाण्यानं फुगून पिवळी पडलेली.

“आगंबया! बाई!” वहिनींनी चुलीपासनंच हाक मारली. “तारीख कालची हुती न्हवं? मी दुकानात सांगून ठेवलंतं. म्हटलं बाईला काळजी नको.”

“वहिनी, मोगरा कुठाय?”

त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “तेवढं आईनं केलं. म्हणाली, कुंडीत त्याचा जीव गुदमरतोय. मी देवळातनं यायच्या आत आडाजवळ मातीत लावला बी. आता उपटला तर मरंल.”

त्यांची आई, ऐंशीच्या पुढची, उंबऱ्यात बसून पान कुटत होती. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेशही नव्हता. मी आडाकडं बघितलं. मोगरा तिथं माझ्यापेक्षा जास्त सुखी दिसत होता.

सासऱ्यांना मात्र दम निघत नव्हता. “पार्सल,” ते पुटपुटले.

“हाय की! चला.” वहिनींनी आम्हाला माजघरात नेलं आणि मी बघतच राहिले. देवघरात, देवांच्या शेजारी, पाटावर कुरिअरचा डबा. वरच्या चिकटपट्टीवर हळद-कुंकू, एक जास्वंदीचं फूल आणि पुढं निरांजन.

“घरातली मोलाची वस्तू म्हणालात, उघडायची न्हाय म्हणालात,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “मी म्हटलं देवच असणार. नायतर चांदीचा टाक. म्हातारीनं रोज निवद दावला.”

ह्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. सासऱ्यांनी डबा उचलला, कपाळाला लावला (ते त्यांनी का केलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं) आणि परसात जायला निघाले. पण तोवर म्हातारी आडवी आली. “आमालाबी दर्शन घेऊंद्या की.” मागं दहा-बारा बाया, मामा, भाचे जमलेले. पळायला वाटच नव्हती.

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तलाठ्याच्या रुबाबात त्यांनी चिकटपट्टी काढली, कापूस बाजूला केला आणि कवळी बाहेर काढली.

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. “आवं, म्या इतकं दिस दाताला हळद-कुंकू वाहिलं व्हय!”

म्हातारी पुढं वाकली, नीट निरखून म्हणाली, “चांगल्या हायत की. मला बशिवता येत्याल काय?”

मग जे हसू फुटलं, ते अंगणापर्यंत गेलं आणि तिथनं चुलीपर्यंत. माझी नजर सासऱ्यांवर होती. मला वाटलं, आता ते रागावून निघून जाणार. पण ते आडावर गेले, कवळी धुतली, बसवली आणि मांडवात येऊन सगळ्यांच्या देखत हसले. नागपूरच्या फोटोवाल्याला जे मिळालं नव्हतं, ते त्या जत्रेला मिळालं. “आता वाढा,” ते म्हणाले.

ते तीनदा तांबडा रस्सा प्यायले. नळी फोडताना त्यांचा चेहरा शांत होता. वहिनी शेजारी बसून वाढत होत्या आणि मी बर्फीचा डबा पुढं केला.

“हे कशाला?”

मी ‘थँक्यू’ तोंडातल्या तोंडात गिळला. “नागपूरला गेलो, म्हणून आणली. तुम्हाला नाही. म्हातारीला.”

“मग चालतंय,” वहिनी म्हणाल्या आणि डबा फोडून सगळ्या मांडवात वाटला. त्यांच्या वाट्याला एक तुकडा आला, तोही त्यांनी माझ्या ताटात टाकला.

दुपारी परतीची गाडी होती. कुंड्या टेंपोतनंच येणार होत्या, कारण दादा जत्रा उलगडल्यावर निघणार होते. आम्ही उठलो, तर सासरे उठेनात. त्यांची गावच्या पोलीसपाटलाशी जुनी ओळख निघाली होती, आणि उद्या म्हणे वड्यांचा बेत होता.

“मी कुंड्यांबरोबर येतो,” ते म्हणाले.

अशा रीतीनं पार्सल आणि झाडं आणायला गेलेली आम्ही दोघं, सासरेही तिथंच ठेवून, रिकाम्या हातानं कोल्हापूरला परतलो. टेंपो नंतर कधीतरी संध्याकाळी आला. दादा गाडी चालवत होते, वहिनी त्यांच्याशेजारी बसून गल्लीला हाका मारत होत्या, आणि मागं गुलाबांच्या मधोमध, खुर्ची टाकून, सासरे बसले होते. सुपारी चावत.