शंभर टक्के तयार कारखाना

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या चटईच्या कारखान्यात ईआरपी, म्हणजे ऑर्डरपासून गोदामापर्यंत सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं आणि शेठनी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्तही काढून टाकला. "त्या दिवशी सुरू झालं नाही तर तुम्ही जबाबदार, ताई," असं मला, म्हणजे एचआरला, बजावलं. घ्या! सॉफ्टवेअर त्यांचं, मान माझी.

पुण्याहून आलेला सल्लागार म्हणाला, आधी लोक बदलाला तयार आहेत का ते तपासू. प्रश्नावली वाटली. सगळ्यांनी सगळीकडे 'पूर्ण सहमत'वर खूण केली. शेठ खुश! सल्लागाराचा मात्र चेहरा पडला. त्याने मुद्दाम दोन उलटे प्रश्न घातले होते. 'नवी पद्धत सोयीची वाटते' यालाही सहमत, आणि 'जुनी पद्धत मुळीच बदलू नये' यालाही सहमत! मी लूमवाल्यांवर भडकले, तर म्हणे, "ताई, कंपनीना कागदवर नाही कसं म्हणानं?" आमच्याकडे पाहुण्याला आणि मालकाला नाही म्हणत नाहीत, हे मीच विसरले होते.

मग कागद बाजूला ठेवला. हिवाळा होता, एकाच्या शेतात भरीत पार्टी ठरवली. शेठना बोलावलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पोटात गेली तशी तोंडं सुटली. कम्प्युटरची भीती होती, पण थोडी. धुळ्याच्या गोदामाचे आबा म्हणाले, "आम्ही बठ्ठा शिकी लेसूत. पन शेठना फोन कोठे टाकाना?" सगळे खो खो हसले. मग मीच सल्लागाराला समजावून सांगितलं: शेठ गिऱ्हाइकाशी फोनवर बोलतात, लगेच गोदामाला फोन करतात, गाडी निघते, ऑर्डर मागाहून बनते. आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर चढवल्याशिवाय माल हलणारच नव्हता.

म्हणजे तयार नव्हतं कोण? आणि सांगणार कोण? सल्लागार भाकरीकडे बघत बसला. हात तुझ्या!

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. भीतीपेक्षा राग जास्त होता. "शेठ, लोक शिकतील. तयार नाही ते तुम्ही."

"मी? अहो, पैसे मी मोजतोय!"

तेवढ्यात फोन वाजला. धुळ्याचा व्यापारी, लग्नासाठी चटया हव्या. "गाडी निघालीच समजा," शेठ म्हणाले, आणि सवयीने गोदामाचा नंबर लावायला लागले. मी तशीच उभी राहिले. बोट थांबलं. नाइलाजाने त्यांनी व्यापाऱ्यालाच परत फोन लावला.

"भाऊ, तेवढी लेखी ऑर्डर पाठवता का... अहो, विश्वास आहे हो... नाही, नाही, रागावू नका..."

फोन ठेवला तेव्हा कपाळावर घाम होता. "तो विचारतो, शेठ, कारखाना विकला का?"

मी हसू दाबलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते.

शेठनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "आखाजी राहू द्या. दिवाळीनंतर बघू. पहिलं ट्रेनिंग माझं लावा, ताई. पण दार लावून."