तपासले

हिंगण्याच्या आमच्या भट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबाच्या प्रत्येक कागदाखाली दोन सह्या लागतात: केले आणि तपासले. वीस वर्षं 'तपासले'पुढे माझी सही आहे. डिझेलची भट्टी गॅसवर न्यायचं पहिलं काम आलं, तेव्हा ते मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. मालकांनी ज्योतीच्या तापमानाचा हिशेब मात्र दोन वर्षांपूर्वी लागलेल्या पोरीला दिला. तो जमला तर कामही तिचंच, असं माझ्यादेखत सांगितलं. माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. "दादा, जरा पाहून देता काय?"

अक्षर मोत्यासारखं, त्याचाही राग आला. एक मोल मिथेन जळलं की ८०२ किलोज्यूल उष्णता. भट्टीबाहेर काहीच गेली नाही असं धरलं, तर ती सगळी तयार झालेल्या वायूंना तापवणार: एक भाग कार्बन डायऑक्साइड, दोन भाग वाफ आणि हवेतून फुकट आलेला साडेसात भाग नायट्रोजन. या सगळ्यांना एक अंश तापवायला ३२३ ज्यूल. भागाकार केला, खोलीचे पंचवीस मिळवले, उत्तर अडीच हजार अंश.

चूक मला लगेच दिसली. ३२३ हा आकडा खोलीच्या तापमानाचा. वायू तापत जातात तशी त्यांची उष्णतेची भूक वाढते, म्हणून मधल्या तापमानाची सरासरी घ्यायची असते. ती चारशेच्या जवळ जाते आणि उत्तर दोन हजारांवर उतरतं. एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मी पेन काढलं आणि सही केली. होऊ दे फजिती, असं अगदी स्पष्ट मनात आलं होतं.

मालकांनी कागदावर नजर टाकली. "अडीच हजार? साध्या हवेतली ज्योत एवढी कुठं पाहिली वं?" मग माझ्याकडे वळले. "आन् तुले दिसलं नाही काय गा?"

तीच बोलली, "सर, चूक माही हाय. दादा घाईत होते, मीच सही मागून घेतली." घाई कसली! मी दहा मिनिटं तो कागद धरून बसलो होतो, ती समोरच उभी होती. तिने तिथंच सरासरी काढून दोन हजार चाळीस आणले. वर म्हणाली, इतक्या उष्णतेत वायूंचे थोडे रेणू फुटतात आणि त्यात उष्णता खर्च होते, म्हणून खरी ज्योत याहून थोडी कमीच. मालक खूश झाले. काम तिला मिळालं.

बाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं, "दादा, तुमाले दिसली होती न?"

मला खोटंही बोलता आलं नाही.

आजही ती हसून बोलते, डब्यातली भाजी देते. कागद मात्र दुसऱ्याकडून तपासून घेते.