पायावरची पांढरी पट्टी

नियम आल्यावर पहिल्याच लग्नसराईत मी एका खऱ्याखुऱ्या नवरीला खोटी ठरवली. संगणकावर जोडकाम करून बनवलेल्या फोटोवर दिसेल अशी खूण हवी, असा तो सरकारी नियम, म्हणून मी एक पांढरी पट्टी तयार केली होती. तिच्यावर काळ्या अक्षरांत, वर मराठीत आणि खाली कानडीत: ‘हे चित्र संगणकावर बनवलेले आहे.’ एक बटन दाबलं की ती अख्ख्या फोल्डरला लागायची. मी बटन दाबलं, फोल्डर चुकलं. नवरीचा बाप अल्बम घेऊन कर्नाटकातल्या आळंदच्या माझ्या फोटोच्या दुकानात आला.

"अण्णा, पोरगी आमची हाय. संगणकाची न्हाई."

अल्बम पुन्हा छापून दिला. पुढं कितीतरी दिवस बायको चहा ठेवताना "हा खरा हाय बरं का" म्हणायची.

जोडकाम आमच्याकडं नवं नाही. बारशाच्या फोटोत गेलेला आजा लोकांना हवाच असतो. पूर्वी मी त्याचं डोकं कापून चिकटवायचो. आता संगणक त्याला नवा सदरा घालतो, मान वळवतो, नातवाकडं बघून हसायला लावतो. आधी पट्टी मी कडेला टाकायचो. ती फ्रेमच्या लाकडाखाली जायची, नाहीतर मोबाइलवर लोक तेवढी कड कापून टाकायचे. फाईलच्या पोटातही नोंद राहते, पण फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला की ती बहुतेक गळून जाते. म्हणून पट्टी मी माणसाच्या पायावरूनच न्यायला लागलो. पट्टी कापायची तर पाय कापावे लागतात.

एका सकाळी जवळच्या गावचा एक ओळखीचा शेतकरी आला. त्याचा धाकटा भाऊ हैदराबादला बांधकामावर होता. परांचीवरून पडून गेला. आईच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी धक्का नको म्हणून सांगितलं, आणि यानं तिला काहीच सांगितलं नाही.

"फोन कामून करंना, म्हणून रोज विचारायलीय. त्याचा एक फोटू करून द्या अण्णा. नव्या बिल्डिंगीसमोर उभा हाय असा. जरा अंग भरलेला दाखवा."

"पट्टी लागंल," मी म्हणालो. "त्याशिवाय देत न्हाई."

त्यानं भावाचा जुना फोटो काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "टाका की. आईला कुठं वाचता येतंय?"

मला हायसं वाटलं. नियमही राहिला, गिऱ्हाईकही. मी मेलेल्याचे गाल भरले, केस नव्या पद्धतीनं कापले आणि पायावरून पट्टी ओढली.

काही दिवसांनी दुपारी त्याची आई एकटीच आली. पिशवीतून तिनं दोन फोटो काढून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एक धाकट्याचा. दुसरा थोरल्याच्या पोराच्या बारशाचा, तोही माझाच. त्यात तिचा नवरा नातवाला घेऊन बसला होता.

"लेकरा, हे खाली काय लिवलंय?"

"ते होय? दुकानाचं नाव हाय अव्वा."

"थोरला बी तेच म्हणला." तिनं नवऱ्याच्या पायावर बोट ठेवलं. "पाळण्याच्या आधीच गेलते हे. तू नंतर बसवलास त्यांना. थोरल्याच्या लग्नाचे फोटू बी तूच काढलास, त्याच्यावर हे न्हाई. ह्या दोघांच्याच पायावर कामून?"

ती उभीच होती. शेवटी मी पट्टी वाचून दाखवली.

"बनवलेलं म्हंजे?"

"म्हंजे तिथं तो उभा नव्हता."

"मग कुठं हाय?"

मी थोरल्याला फोन लावला. तो मोटरसायकलवरून येईपर्यंत ती स्टुलावर बसून होती. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. तो दारात आला आणि तिच्याकडं बघूनच सगळं समजला.

"माती कुणी दिली?" तिनं विचारलं.

"मी, अव्वा."

"मला कामून नेलं न्हाईस?"

तो उंबऱ्यावरच बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ती रडली नाही. तिनं नवऱ्याचा फोटो पिशवीत टाकला. धाकट्याचा मी उचलून पुढं केला, तर तिनं माझ्याकडंच सरकवला.

"हा तुझा हाय," म्हणाली. थोरल्याच्या खांद्यावर हात टेकून पायरी उतरली.

घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. माझा तोल कसा ढळला नाही, शेवटी मी खरं कसं वाचून दाखवलं, हेही जरा रंगवूनच सांगितलं. तिनं भाकरी वाढायची थांबवली.

"पट्टीवर लिवलंतच होतं की," ती म्हणाली. "मग तोंडानं दुकानाचं नाव कामून सांगितलंत?"