सहा नंबरच्या घरातली फुली

तोंडी परीक्षेत मी कुणाची गय करत नाही, ही वाघोलीच्या आमच्या कॉलेजातली माझी जुनी ख्याती. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमानही होता. त्या दिवशी लॅबमध्ये माझ्या शेजारी बाहेरून आलेला परीक्षक बसला होता. एकेकाळचा माझाच विद्यार्थी, आता दुसऱ्या कॉलेजात शिकवणारा.

समोर यवतमाळची एक मुलगी होती. शेवटच्या वर्षाला, पण दुसऱ्या वर्षाचा हा डेटा स्ट्रक्चर्सचा विषय राहिलेला. खराडीतल्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं, अट एकच: निकालात एकही विषय राहिलेला नको.

त्यानं तिला हॅश टेबल काढायला सांगितलं, म्हणजे आकडे पटकन सापडावेत म्हणून आखलेला घरांचा तक्ता. शून्य ते नऊ अशी दहा घरं, आकड्याचा शेवटचा अंक तेच त्याचं घर. पंचवीस, पस्तीस आणि पंचेचाळीस अशा तीन किल्ल्या, म्हणजे साठवायचे आकडे, दिल्या; तिघींचं भांडण पाचाच्याच घरावर. तिनं आधी चेनिंग काढलं: पाचाच्या घराला लटकलेली तिघींची साखळी. मग ओपन अ‍ॅड्रेसिंग, म्हणजे घर भरलेलं दिसलं की पुढच्या रिकाम्या घरात जायचं. पंचवीस पाचात, पस्तीस सहात, पंचेचाळीस सातात.

"लोड फॅक्टर?" परीक्षकानं विचारलं.

"किल्ल्या भागिले घरं, सर. चेनिंगमध्ये तो एकच्या वर गेला तरी चालते, साखळ्या तेवढ्या लांबतात. इथं मात्र टेबल भरत आलं की शोध एकदम महागतो. मोठं टेबल अर्धं भरलं असलं तर नसलेली किल्ली शोधायला सरासरी दोन-तीन घरं बघावी लागतात. नव्वद टक्के भरलं की पन्नासेक."

"आता पस्तीस काढून टाक."

साखळीत तिनं पंचवीसचा बाण सरळ पंचेचाळीसला जोडला. दुसऱ्या आकृतीत पस्तीस खोडून सहाच्या घरात फुली मारली.

"घर रिकामं करायला सांगितलं, फुली कसली?"

"सर, रिकामं केलं तर मग पंचेचाळीस..."

"उत्तर विचारलंय, मत नाही," हे मी म्हणाले. तो हसला. त्यानं अठरा मार्क दिले, पास व्हायला वीस लागतात. मी सही केली.

जेवणाच्या सुट्टीत कागद गोळा करताना तिचा कागद वर आला. सवयीनं मी पंचेचाळीस शोधायला बोट ठेवलं. पाचाच्या घरात पंचवीस, म्हणजे पुढे. सहाचं घर रिकामं धरलं, तर शोध तिथंच थांबतो आणि उत्तर येतं, 'नाही'. आणि पंचेचाळीस शेजारच्या सातात बसलेलं! फुली म्हणजे 'इथं कुणीतरी होतं, पुढे बघा'. माझे कान तापले.

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानंही बोट फिरवलं, दोनदा.

"पण मॅडम, तुमच्या नोट्समध्ये घर रिकामंच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मी अजून त्यांवरूनच शिकवतो."

त्यानं बॅगेतून झेरॉक्स काढली. माझंच अक्षर, पट्टीनं आखलेली माझीच दहा घरं, आणि सहाचं घर स्वच्छ कोरं. ते पान मी किती वर्षं फळ्यावर उतरवत होते, आणि माझ्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. कोण बोलणार? मी बोलूच दिलं नसतं.

मार्क अजून अपलोड झाले नव्हते. अठराचे सव्वीस केले, दोघांनी खोडाखोडीवर सह्या केल्या, आणि मी शिपायाला त्या मुलीला बोलवायला पाठवलं. आली तेव्हा डोळे लाल होते.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणाले. "चूक माझी. पास आहेस तू."

ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"कोणी नाही, मॅडम. तुमच्या नोट्सवरून प्रोग्रॅम लिहिला होता. पंचेचाळीस सापडतच नव्हतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मागच्या परीक्षेत सांगितलं होतं. तेव्हा पण तुम्हीच होता."

मला आठवेना. अजूनही आठवत नाही, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. तेव्हाचा कागद कधीच रद्दीत गेला असणार.

"नापास झालीस, तरी यंदा पुन्हा फुलीच मारलीस?"

प्रश्न तिला कळलाच नसावा.

"दुसरं काय काढणार होते, मॅडम?"